गादीचे वजन

सोफा घेऊन तीन वर्षे पूर्ण व्हायच्या आतच त्याच्या डाव्या बाजूच्या बैठकीत खळगा पडला. खिडकीचा उजेड पुस्तकावर नीट पडतो ती हीच जागा असल्यामुळे घरातले प्रत्येक माणूस तिथेच बसत असे. आधी वाटले, कापड सैल पडले असेल. मग वाटले, गादी उलटी करून ठेवली की खळगा भरून येईल. उलटी केली, तर दोन महिन्यांत त्या बाजूनेही तसाच खळगा तयार झाला. विकत घेताना विक्रेत्याने 'हाय डेन्सिटी फोम' हे शब्द तीनदा उच्चारल्याचे मला स्पष्ट आठवत होते. पावतीवर मात्र रंग, लांबी-रुंदी आणि 'थ्री सीटर' यापलीकडे काहीही लिहिलेले नव्हते. त्या दिवशी मी तो सोफा उघडून पाहायचे ठरवले, आणि पुढे नवा सोफा निवडताना जे काही उपयोगी पडले, ते जवळजवळ सगळे त्या एका दुपारी हाताशी आले.

सोफा खचला की दोष फोमचाच असतो असे नाही. गादीखाली स्प्रिंगा किंवा पट्टे असतात आणि पुष्कळदा खचतात ते तेच. म्हणून पहिल्यांदा गाद्या काढून बाजूला ठेवल्या आणि रिकाम्या बैठकीवर समोरच्या पट्टीपासून पाठीपर्यंत एक सरळ काठी आडवी टेकवली. काठी आणि खालचे कापड यांच्यामधले अंतर तिन्ही जागी मोजले. ते जवळपास सारखेच होते. हाताने जोर देऊन दाबले, तर खालचा भाग तिन्ही ठिकाणी सारखाच दबत होता. मग तीच काठी गादीच्या वरच्या बाजूला टेकवून पाहिली, तेव्हा मधोमध तब्बल अडीच सेंटीमीटरची पोकळी दिसली. याचा अर्थ स्प्रिंगा शाबूत होत्या आणि फोम गेला होता. हा फरक आधी कळणे फार महत्त्वाचे आहे, कारण स्प्रिंग सुटलेली असताना लोक नवा फोम भरून घेतात आणि वर्षभरात पुन्हा त्याच खळग्यात बसतात.

गादीच्या खोळीची चेन उघडली. आत कापसासारख्या पॉलिएस्टर वॅडिंगचा पातळ थर गुंडाळलेला होता आणि त्याच्या आत पिवळट पडलेला फोमचा ठोकळा. हा थर सोडवून फक्त ठोकळा मोजला: लांबी ६० सेंटीमीटर, रुंदी ६० सेंटीमीटर, आणि जिथे कोणी बसत नाही त्या कडेला जाडी १५ सेंटीमीटर. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातकाटा घरात होता. ठोकळ्याला दोरीचा फास घालून तो काट्याला टांगला आणि आकडा वाचला: १ किलो ३०० ग्रॅम.

घनतेचे गणित शाळेत शिकलेलेच आहे. साठ गुणिले साठ गुणिले पंधरा म्हणजे ५४,००० घनसेंटीमीटर, म्हणजेच ०.०५४ घनमीटर. १.३ ला ०.०५४ ने भागले की २४ येतात. माझ्या सोफ्यातला फोम २४ किलो प्रति घनमीटर घनतेचा होता. एवढ्या घनतेचा फोम पाठीच्या उशीत चालतो, कारण पाठीवर शरीराचा भार थोडाच येतो. रोज वापरायच्या बैठकीसाठी तो अपुरा असतो. रोजच्या वापरातल्या बैठकीला निदान ३२ आणि शक्यतो ४० किंवा त्याहून अधिक घनता हवी, असे गादीकाम करणारे जाणकार मानतात, आणि माझा अनुभव त्याला पूर्ण दुजोरा देतो. ४० घनतेचा तेवढ्याच मापाचा ठोकळा २ किलो १६० ग्रॅम भरला असता. म्हणजे मला प्रत्येक बैठकीत पाऊण किलोहून जास्त फोम कमी मिळाला होता, आणि तो कमी आहे हे कापडाच्या आत असल्यामुळे तीन वर्षे दिसले नव्हते. काही देशांत हाच आकडा पौंड प्रति घनफूट या मापात लिहितात. त्याला १६ ने गुणले की किलो प्रति घनमीटर मिळतात. तिथे २.५ लिहिले असेल तर ते आपले ४०, आणि १.५ लिहिले असेल तर ते माझे २४.

फोम दुरुस्तीला दिला, तेव्हा गादीकाम करणाऱ्या काकांनी मला एक गोष्ट समजावली, जी मला तोवर ठाऊकच नव्हती. मी दुकानात हाताने दाबून पाहिले होते आणि गादी चांगली कडक लागली होती, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी दोन तुकडे माझ्यासमोर ठेवले आणि दोन्ही दाबायला सांगितले. पहिला कडक, दुसरा मऊ. "ताई, यातला हलका कोणता, ते उचलून बघा," ते म्हणाले. कडक होता तोच हलका होता.

घनता आणि कडकपणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि सोफा विकताना बहुतेक घोळ इथेच होतो. घनता म्हणजे ठरावीक आकारमानात प्रत्यक्ष पदार्थ किती आहे. कडकपणा म्हणजे तो ठरावीक प्रमाणात दाबायला किती जोर लागतो. फोम म्हणजे पोकळ्यांचे जाळे, आणि त्या पोकळ्यांच्या कडांना असलेल्या बारीक काड्या वाकून परत सरळ होतात म्हणून फोमला उसळी असते. पदार्थ कमी असला तरी रसायनांचे प्रमाण बदलून त्या काड्या ताठ करता येतात. मग फोम हाताला कडक लागतो. पण त्या काड्या बारीकच असतात, आणि हजारो वेळा वाकल्यावर त्या दमतात आणि मोडतात. म्हणून कमी घनतेचा कडक फोम दुकानात छान वाटतो आणि घरी लवकर बसतो. उलट ४० घनतेचा फोम मऊही मिळतो आणि कडकही, आणि दोन्ही दीर्घकाळ जवळजवळ तसेच राहतात. मऊ हवा की कडक हा आपापल्या पाठीचा आणि आवडीचा प्रश्न आहे. घनता हा टिकाऊपणाचा प्रश्न आहे. हे दोन प्रश्न दुकानदाराला वेगवेगळे विचारावेत आणि दोन्हींची उत्तरे वेगवेगळी घ्यावीत.

एचआर फोम, म्हणजे हाय रेझिलियन्स, हा आणखी एक शब्द सतत कानावर पडतो. तो केवळ जाहिरातीचा शब्द नाही. या फोमची रासायनिक घडण वेगळी असते, त्यातल्या पोकळ्या लहान-मोठ्या अशा मिसळलेल्या असतात, आणि त्यामुळे तो सुरुवातीला मऊ दबतो पण जितके खोल जावे तितका अधिक जोराने आधार देतो. बैठकीसाठी हा गुण नेमका हवा असतो, कारण बसताना मऊपणा मिळतो आणि तरीही माणूस तळाच्या पाटाला टेकत नाही. काकांनी एक छोटी लोखंडी गोळी दोन्ही फोमवर सारख्या उंचीवरून सोडून दाखवली. एचआरवर ती निम्म्याहून बरीच वर उसळली, साध्या फोमवर निम्म्यापर्यंतही पोहोचली नाही. प्रयोगशाळेतही उसळी मोजायची पद्धत मुळात हीच आहे.

वजनाच्या कसोटीलाही मर्यादा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. फोम तयार करताना त्यात खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळून वजन वाढवता येते. अशा फोमची घनता कागदावर चांगली दिसते, पण त्या वजनात पूडच असते, आधार देणारा पदार्थ नसतो. तो दाबून सोडला की आळसावल्यासारखा हळू वर येतो, बोटांनी चिमटा घेतला तर सहज तुटतो, आणि घासल्यावर बारीक पांढरी धूळ सुटते. दुसरी गोष्ट रीबाँडेड फोमची. उरलेले तुकडे चिकटवून केलेला हा ठोकळा रंगीबेरंगी आणि फार जड असतो; तळाच्या थराला तो ठीक आहे, पण संपूर्ण बैठक त्याची असेल तर वजन भरपूर भरते आणि आराम मात्र लाकडी बाकाचा मिळतो. म्हणून वजन करण्याआधी चेन उघडून फोम एकदा डोळ्यांनी पाहावा. ज्या गादीला चेनच नाही, तिच्या बाबतीत मी आता खरेदीचा विचारच करत नाही. उघडता न येणारी गादी तपासता येत नाही आणि पुढे बदलताही येत नाही.

सांगाड्याकडे मी वळले ते सोफा उलटा केल्यावर. तळाला काळे पातळ कापड स्टेपल करून लावलेले असते. त्याचा एक कोपरा चार-पाच स्टेपल काढून सोडवला आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहिले. पुढची आडवी पट्टी, जिच्यात झिगझॅग स्प्रिंगांच्या क्लिपा ठोकलेल्या असतात, ती पार्टिकल बोर्डची निघाली. स्प्रिंगा शाबूत असल्या तरी दोन क्लिपांभोवती बोर्ड फुगून त्याचा भुगा व्हायला लागला होता. फोम आधी गेला, एवढेच. पुढच्या एक-दोन वर्षांत स्प्रिंगाही उपटून आल्याच असत्या. भुसा चिकटवून केलेल्या बोर्डात खिळा एकदा हलू लागला की तो पुन्हा पकड घेत नाही, आणि सोफ्याच्या पुढच्या पट्टीवर तर प्रत्येक बसण्या-उठण्याचा झटका येतो.

लाकूड कोणते, यावर लोक जितका वेळ घालवतात तितका त्याची गरज नसते, असे माझे मत झाले आहे. झाकलेल्या सांगाड्यात लाकडाचा रंग आणि रेषा कोणाला दिसत नाहीत. तिथे फक्त दोन गोष्टी हव्या असतात, खिळा-स्क्रू घट्ट धरण्याची ताकद आणि वाकडे न होण्याचा स्वभाव. बीच, ॲश, ओक, मेपल, शिसम ही लाकडे या कामाला उत्तम आहेत. सागवान तर स्थिर राहण्यासाठी प्रसिद्धच आहे, पण त्याचे खरे सौंदर्य उघड्या हातांच्या सोफ्यात शोभते. कापडाखाली झाकायला सागवानाचा आग्रह धरण्यात मला अर्थ वाटत नाही. रबराच्या झाडाचे लाकूडही पुरेसे मजबूत असते, मात्र त्याला भुंगेरा आणि बुरशी लवकर लागते, म्हणून त्यावर रासायनिक प्रक्रिया केली आहे का हे विचारावेच लागते. नुसते 'हार्डवूड' असे उत्तर मिळाले तर त्यावर समाधान मानू नये. हार्डवूड हा झाडाच्या वर्गाचा शब्द आहे, ताकदीचा नाही; खेळण्यातली विमाने बनवतात ते पिसासारखे हलके बाल्सासुद्धा वनस्पतिशास्त्रात हार्डवूडच ठरते.

जातीपेक्षा लाकूड वाळवले कसे आहे, हे अधिक मोलाचे. ओले लाकूड सोफ्यात गेले की ते तिथेच वाळते, आकसते, आणि सांधे सैल पडतात. भट्टीत वाळवलेल्या लाकडात ओलावा साधारण ८ ते १२ टक्क्यांवर आणलेला असतो. चांगल्या दर्जाचे, अनेक थरांचे जाड प्लायवूडही मी कमी मानत नाही. उभे-आडवे थर असल्यामुळे ते पिळवटत नाही आणि क्लिपा घट्ट धरते. त्यानंतर सांधे पाहावेत. खाचेत कुसू बसवलेला किंवा लाकडी खुंट्या आणि सरस लावून जोडलेला सांधा, आणि कोपऱ्यात स्क्रूने आवळलेला त्रिकोणी ठोकळा, एवढे दिसले की माझा जीव भांड्यात पडतो. नुसत्या स्टेपलांवर उभा असलेला सांगाडा मी नाकारते. हे आत डोकावून पाहता आले नाही, तर पुढचा एक पाय वीतभर उचलावा. मजबूत सांगाड्यात पुढचा दुसरा पायही लगेच जमीन सोडतो. तो जमिनीवरच राहिला आणि सोफा कुरकुरत पिळवटला, तर सांगाडा लेचापेचा आहे.

कापडाबद्दल मला थोडेच सांगायचे आहे, कारण कापड डोळ्यांना दिसते आणि बदलता येते. घासण्याच्या कसोटीचा आकडा विचारावा, पण तो कोणत्या पद्धतीचा आहे हेही विचारावे. मार्टिनडेल पद्धतीत कापड लोकरीच्या कापडावर इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या फेऱ्यांत घासतात. वायझेनबीक पद्धतीत ते सुती जाड कापडावर पुढे-मागे घासतात. एका पद्धतीचा आकडा दुसरीत बदलता येत नाही. रोजच्या घरगुती वापराला मार्टिनडेलच्या २५,००० फेऱ्या किंवा वायझेनबीकच्या १५,००० पुरतात. लाखाच्या पुढच्या आकड्याला भुलून जास्त पैसे देऊ नयेत, कारण त्या पल्ल्यानंतर कापड प्रत्यक्षात आणखी जास्त टिकते असा पुरावा नाही. घरात उन्हाची तिरीप सोफ्यावर येत असेल तर घासण्यापेक्षा रंग टिकण्याची श्रेणी अधिक महत्त्वाची. ती आठपैकी सांगतात आणि निदान पाच असावी. कापडावर गोळे येण्याची श्रेणी पाचपैकी असते आणि तिथे चार बरी.

एकाच प्रकाराबद्दल मात्र मी ठामपणे सावध करीन. पॉलियुरेथेनचा थर दिलेले स्वस्त रेक्झिन हवेतल्या दमटपणाने आतून विघटित होते आणि काही वर्षांत पापुद्र्यांसारखे सोलून निघते. ते घासून झिजत नाही, म्हणून घासण्याचा आकडा तिथे काहीच सांगत नाही. आणि सोलायला लागलेला थर दुरुस्तही होत नाही. चामड्याचा भुसा चिकटवून केलेल्या 'बाँडेड लेदर'ची गतही तीच.

आता राहिला प्रश्न भरवशाच्या उत्पादकांचा. जुना सोफा उघडल्यावर माझी भरवशाची व्याख्याच बदलली. जो आतले साहित्य लिहून देतो आणि सुटे भाग पुढेही देतो, त्याच्यावर भरवसा ठेवावा, असे मी आता मानते. या दृष्टीने काही नावे मला खरोखर आदराची वाटतात. आयकिया आपल्या सोफ्यांच्या माहितीत फोमची घनता किलो प्रति घनमीटरमध्ये छापते, सांगाड्यात कुठे प्लायवूड आणि कुठे पार्टिकल बोर्ड आहे तेही लिहिते, आणि कित्येक सोफ्यांच्या खोळी सुट्या विकते. सगळे सोफे सारखे नाहीत, पण वाचून निवडता येतात, आणि हेच मला हवे असते. इंग्लंडमधली १९२० साली सुरू झालेली अर्कोल ही कंपनी उघड्या लाकडी सांगाड्यावर पट्टे आणि त्यावर सुट्या गाद्या अशी रचना करत आली आहे. तिचे अनेक दशके जुने सोफे पट्टे आणि फोम बदलून आजही वापरात आहेत. अमेरिकेतली स्मिथ ब्रदर्स ऑफ बर्न १९२६ पासून आहे आणि आठ दिशांनी सुतळीने हाताने बांधलेल्या स्प्रिंगांसाठी ओळखली जाते. आणि फोमवर किती विसंबता येते हे पाहायचे असेल, तर लिन्ये रोझे या फ्रेंच कंपनीचा तोगो पाहावा. १९७३ साली आलेल्या या सोफ्याला सांगाडाच नाही; वेगवेगळ्या घनतेचे फोम एकावर एक रचून तो उभा आहे, आणि पन्नास वर्षांनंतरही त्याचे उत्पादन चालू आहे.

नाव मोठे असले तरी हमीपत्र वाचावेच. 'दहा वर्षांची हमी' बहुतेकदा सांगाड्यापुरती असते, फोमची हमी वेगळी आणि कमी मुदतीची असते, आणि तिच्यातही 'नैसर्गिक मऊपणा' वगळलेला असतो. किती सेंटीमीटर खचले तर तो दोष मानणार, हा आकडा हमीपत्रात असेल तर तो उत्पादक आपल्या मालाबद्दल गंभीर आहे. असा आकडा न देणाऱ्या एका मोठ्या दुकानात मी अर्धा तास बसून परत आले. जवळचा सुतार आणि गादीकाम करणारा कारागीर हे मिळून सोफा बनवून देत असतील, तर तोही तितकाच चांगला पर्याय आहे. मात्र फोम कापण्याआधी त्याच्या कारखान्याचे लेबल पाहावे आणि ठोकळा आपल्यासमोर तोलून घ्यावा.

मी शेवटी तसाच बनवून घेतला. सांगाडा बीचचा, पुढच्या पट्टीला मधोमध पाचवा पाय, कारण सात फुटांची पट्टी मध्ये आधार नसेल तर कालांतराने वाकतेच. बैठकीत एचआर फोम. काट्यावर प्रत्येक ठोकळा २ किलो २०० ग्रॅमच्या आसपास भरला. खोळींना चेन. काम झाल्यावर काकांनी तळाचे काळे कापड लावायला घेतले, तेव्हा मी त्यांना थांबवून एका कागदावर फोमची घनता, ठोकळ्याचे माप आणि वजन, लाकडाचे नाव, कापडाचा क्रमांक आणि तारीख लिहिली आणि तो कागद आतल्या पट्टीला चिकटवला. पुढे कधी कोणी हा सोफा उलटा करून बॅटरी मारली, तर त्याला काटा शोधावा लागणार नाही.